गच्चीवरच्या सोलरचा फोटो कसा वाचायचा: प्लेट, चार्ज कंट्रोलर आणि इन्व्हर्टर

लातुरात सोलर आणि इन्व्हर्टरच्या दुरुस्तीचं काम करताना माझ्याकडे माणसांच्या आधी फोटो येतात. औसा, निलंगा, रेणापूर, कधी पार परभणीकडून. फोटोखाली बहुतेक वेळा एकच ओळ असते: "इन्व्हर्टर खराब झालाय." आणि बोट दाखवलेली वस्तू बऱ्याचदा इन्व्हर्टर नसतेच. कुणी चार्ज कंट्रोलरला इन्व्हर्टर म्हणतं, कुणी फ्यूजच्या डब्याला कंट्रोलर म्हणतं. एकदा तर पाणी तापवायच्या सोलरचा फोटो "प्लेट चार्जिंग करीना" म्हणून आला होता.

नाव चुकलं की पुढचं सगळं चुकतं. वायरमन भलतंच सामान घेऊन निघतो, चाळीस किलोमीटरचा हेलपाटा होतो आणि कधी कधी धडधाकट इन्व्हर्टर भंगारात जातो. म्हणून उन्हाची वीज करणारी प्लेट, ती वीज बॅटरीत सांभाळून भरणारा चार्ज कंट्रोलर आणि बॅटरीची वीज घरच्या २३० व्होल्टची करणारा इन्व्हर्टर, या तीन वस्तू फोटो बघून वेगळ्या कशा ओळखायच्या, ते इथे नीट क्रमाने सांगतो. मी मुख्यतः बॅटरीवर चालणाऱ्या घरगुती सोलरबद्दल बोलणार आहे, कारण गोंधळ तिथेच होतो. बिनबॅटरीच्या सोलरचं शेवटाकडे थोडक्यात येईल.

एक गोष्ट आधी पक्की करू. डबे एकमेकांसारखे दिसतात. रंग, आकार, दिवे, काच या सगळ्यात फसायला होतं. पण डब्यात काय येतं आणि डब्यातून काय जातं, हे वायरी सांगतात. म्हणून फोटो हातात आला की नजर वायरीवर ठेवायची आणि प्लेटेपासून घरातल्या बटणापर्यंत तिच्यामागे चालत जायचं.

फोटो कसा मागवायचा

एका फोटोत काम भागत नाही, तीन लागतात. पहिला लांबून, ज्यात प्लेटा, भिंत आणि खाली ठेवलेलं सामान एकत्र दिसेल. दुसरा प्रत्येक डब्याच्या खालच्या बाजूचा, कारण वायरी तिथूनच शिरतात. तिसरा इन्व्हर्टरच्या पाठीचा. लोक सगळ्या वस्तूंचे समोरून देखणे फोटो पाठवतात आणि नेमकी पाठच दिसत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो साधा पाठवला की तो आवळला जातो आणि डब्यावरची बारीक अक्षरं पुसट होतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, मग मोठा करून वाचता येतो. प्लेटेचा फोटो ऊन काचेवर चमकत असताना घेतला तर नुसता पांढरा पट्टा दिसतो. थोडं बाजूला सरकून तिरका काढला की चौकटी दिसतात.

फोटो काढणाऱ्याला हेही सांगा की कुठली वायर ओढायची नाही, झाकण उघडायचं नाही. उन्हात प्लेट कायम जिवंत असते, तिला बंद करायचं बटण नसतं. एका ओळीत जोडलेल्या आठ-दहा प्लेटा असतील तर त्यांचा दाब शेकडो व्होल्टवर जातो आणि तो जीवघेणा असतो.

आधी प्लेट, आणि ती खरंच विजेची आहे का

प्लेट ओळखायला सोपी वाटते. आपल्याकडे मात्र एकाच गच्चीवर दोन प्रकारची सोलरं असतात, एक विजेचं आणि एक अंघोळीच्या पाण्याचं. काळ्या काचेच्या नळ्यांची रांग आणि वर आडवी टाकी असेल तर ते पाण्याचं, यात चूक होत नाही. चूक होते ती सपाट पेटीच्या जुन्या हिटरमुळे. त्याला वरून काच असते, ॲल्युमिनियमची चौकट असते, लांबी-रुंदीही साधारण दोन मीटर बाय एक मीटर. लांबून तो थेट विजेच्या प्लेटेसारखा दिसतो. मोठा करून बघा: काचेखाली काळा पत्रा आणि त्यावर उभ्या नळ्यांचे उंचवटे दिसतात, चौकोनांची जाळी दिसत नाही. कोपऱ्यांतून पाण्याचे पाइप निघतात.

विजेच्या प्लेटेत चौकोनी तुकडे ओळीने लावलेले असतात. त्यांना सेल म्हणतात. निळसर, आत बर्फाच्या खड्यांसारखे डाग दिसणारे सेल जुन्या पॉली प्लेटेचे. एकसारखे काळे आणि कोपरे किंचित कापलेले सेल मोनोचे. प्लेटेच्या पाठीला वरच्या बाजूला एक चपटी काळी डबी असते आणि तिच्यातून दोनच वायरी बाहेर येतात. पुष्कळ जण या डबीलाच कंट्रोलर समजतात. तिच्यात वायरींचे जोड आणि काही डायोड असतात, बॅटरी सांभाळणारं काही नसतं.

आता सेल मोजा. ही सवय लावून घ्या, कारण फोटोतून मिळणारी सगळ्यात पक्की माहिती हीच आहे. एक सेल मोकळा, म्हणजे त्याला काही जोडलेलं नसताना, साधारण ०.६ व्होल्ट देतो, मग तो मोठा असो की छोटा. एका बाजूला ४ आणि दुसऱ्या बाजूला ९, असे ३६ सेल असतील तर मोकळा दाब २१-२२ व्होल्टच्या आसपास येतो. ही बारा व्होल्टच्या एका बॅटरीसाठीची प्लेट. ६ बाय १२, म्हणजे ७२ सेल असतील तर तो दाब ४५ व्होल्टच्या जवळ जातो आणि ती चोवीस व्होल्टची, म्हणजे दोन बॅटऱ्यांची प्लेट धरली जाते. नव्या मोठ्या प्लेटांमध्ये सेल अर्धे कापलेले असतात, मधोमध एक आडवी फट दिसते आणि मोजले तर १४४ भरतात. त्या जवळपास ७२ सेलच्या प्लेटेसारख्याच धरायच्या, १४४ ला ०.६ ने गुणायचं नाही. हा आकडा कागदावर लिहून ठेवा, पुढे कंट्रोलरपाशी तो लागणार आहे.

मग बॅटरी शोधा

प्लेटेनंतर लगेच डब्यांकडे वळू नका. आधी बॅटरी शोधा. बॅटरी ओळखताना कुणी चुकत नाही आणि बाकीच्या दोन्ही वस्तू तिच्या आजूबाजूला असतात. उंच ट्यूब्युलर बॅटरी असेल तर वर पाण्याची पातळी दाखवणारी सहा बुचं दिसतात. बॅटरी एक असेल तर घरातलं काम बारा व्होल्टवर चाललंय. दोन असतील आणि एकीच्या प्लसवरून दुसरीच्या मायनसवर तुकडा टाकलेला असेल तर चोवीस व्होल्टवर.

माळवदाच्या घरात हे सामान गच्चीवर ठेवत नाहीत. प्लेटा धाब्यावर आणि बॅटरी खाली ओसरीत किंवा धान्याच्या खोलीत असते. स्लॅबच्या घरात ते जिन्यावरच्या खोलीत सापडतं. फोटोत बॅटरी नसेल तर ती घरात दुसरीकडे कुठे आहे का, ते विचारून घ्या आणि मगच पुढे जा.

बॅटरीवरून निघणाऱ्या दोन जोड्या

बॅटरीच्या टोकांवर फोटो मोठा करा. तिथे बहुतेक वेळा वायरींच्या दोन जोड्या असतात, एक करंगळीएवढी जाड आणि एक पेन्सिलीपेक्षा बारीक. जाड जोडी इन्व्हर्टरकडे जाते, बारीक जोडी चार्ज कंट्रोलरकडे. बहुतेक फोटोंचा निकाल इथेच लागतो.

असं का होतं, ते एका हिशेबात कळतं. घरात ८०० वॅटचा भार चालू आहे समजा. तो बारा व्होल्टच्या बॅटरीतून ओढायचा तर ८०० ÷ १२ = ६७ अँपिअर होतात, आणि इन्व्हर्टरमध्ये होणारी घट धरली तर ८० च्या घरात जातात. एवढा प्रवाह बारीक वायरीतून गेला तर ती वितळेल. तोच भार इन्व्हर्टरच्या पलीकडे २३० व्होल्टवर गेला की साडेतीन अँपिअरचा होतो, म्हणून इन्व्हर्टरमधून घराकडे जाणारी वायर साध्या पंख्याच्या वायरीएवढी दिसते. म्हणजे ज्या डब्याच्या एका बाजूला जाड केबल आणि दुसऱ्या बाजूला घरातली साधी वायर आहे, तो इन्व्हर्टर. साध्या कंट्रोलरच्या दोन्ही बाजूंना जवळपास सारख्याच जाडीची वायर असते, कारण प्लेटेतून जेवढा प्रवाह आला साधारण तेवढाच बॅटरीत जातो. दोन छोट्या प्लेटांचा तो १८-२० अँपिअरच्या पुढे जात नाही.

रंगावर फार विसंबू नका. लाल प्लस आणि काळा मायनस, ही रीत बॅटरीपाशी बहुतेक पाळली जाते. गच्चीवरून खाली येताना मात्र जी वायर हाताशी होती ती जोडलेली असते. मी पिवळी-हिरवी अर्थिंगची वायर प्लसला लावलेली पाहिली आहे.

चार्ज कंट्रोलर

बारीक जोडीच्या मागे गेलात की भिंतीवर एक छोटा डबा भेटतो, तळहाताएवढा किंवा वहीएवढा. याच्या खालच्या कडेला ओळीने स्क्रू असतात. साध्या कंट्रोलरला सहा, दोन-दोनच्या तीन जोड्या. प्रत्येक जोडीवर छोटं चित्र असतं. प्लेटेचं, बॅटरीचं आणि बल्बचं. बहुतेक डब्यांवर डावीकडून क्रमही तोच असतो. घरगुती जोडणीत बल्बची जोडी पुष्कळदा रिकामीच राहते, म्हणून सहा स्क्रूंपैकी चारांत वायरी दिसल्या तर घाबरायचं कारण नाही.

हे चित्रांचे सहा स्क्रू दिसले की तो डबा कंट्रोलरच. त्याला थ्री-पिनचं सॉकेट नसतं, भिंतीतल्या प्लगात घालायची दोरी नसते. फार तर मोबाइल चार्जिंगचं यूएसबी भोक असतं.

कंट्रोलर दोन जातींचे. पीडब्ल्यूएम जातीचा प्लेट थेट बॅटरीला जोडतो आणि बॅटरी भरत आली की जोड-तोड करत प्रवाह कमी करतो. त्याच्या आत फार काही नसतं, म्हणून तो हलका आणि चपटा. एमपीपीटी जातीचा प्लेटेचा जास्तीचा दाब उतरवून त्याचा प्रवाह वाढवतो. त्यासाठी आत तांब्याची गुंडाळी लागते, ती तापते, म्हणून पाठीला किंवा कडेला ॲल्युमिनियमच्या जाड पट्ट्या असतात आणि डबा वजनदार असतो. बाजारात साध्या हलक्या डब्यावर एमपीपीटी छापून विकण्याचा धंदा जोरात आहे. फोटोत पट्ट्या नसलेला, प्लास्टिकचा, तळहाताएवढा डबा दिसला आणि वर ती अक्षरं असली, तरी तो पीडब्ल्यूएम समजूनच चाला.

आता तो सेलचा आकडा काढा. ७२ सेलची ३३० वॅटची प्लेट, साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर आणि एकच बॅटरी असं फोटोत दिसलं तर तिथे वीज वाया चालली आहे. ही प्लेट साधारण ३७ व्होल्टवर ९ अँपिअर द्यायला बनवलेली असते. पीडब्ल्यूएम तिला बॅटरीच्या दाबावर, म्हणजे १३ व्होल्टवर ओढून आणतो, प्रवाह मात्र तेवढाच, ९ अँपिअर. १३ × ९ = ११७ वॅट. बाकी दोनशेच्या वर वॅट मिळतच नाहीत, आणि घरचे म्हणतात की इन्व्हर्टर बॅटरी खातो. त्यातही कंट्रोलरवर लिहिलेली प्लेटेच्या दाबाची मर्यादा ४५ व्होल्टपेक्षा कमी असेल तर तो जळतोही. अशा घरी एमपीपीटी कंट्रोलर लावायचा, किंवा बारा व्होल्टच्या प्लेटा.

उन्हाळ्याच्या फोटोंबद्दल एक सांगायचं राहिलं. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे असतो आणि पश्चिमेच्या भिंतीवर लावलेला डबा त्याहूनही तापतो. त्या उष्णतेत आकडे दाखवणारी काच पूर्ण काळी पडते. फोटोत काळी काच दिसली म्हणून कंट्रोलर गेला असं ठरवू नका. सकाळी सातला परत फोटो मागवा. आकडे दिसले तर कंट्रोलरची जागा बदला.

इन्व्हर्टर

जाड जोडीच्या मागे गेलात की इन्व्हर्टर. घरगुती इन्व्हर्टरमध्ये ट्रान्सफॉर्मर असतो, त्यामुळे तो उचलायला जड. म्हणून भिंतीवर क्वचित टांगतात. बॅटरीच्या ट्रॉलीवर किंवा फळीवर तो बसलेला असतो. त्याची पाठ बघा: बॅटरीच्या लाल-काळ्या केबली थेट आतून निघालेल्या, भिंतीतल्या सॉकेटात जाणारी थ्री-पिनची दोरी, घराला वीज देणारं सॉकेट, दाबायचं फ्यूजचं बटण आणि हवा खेळायला जाळी किंवा पंखा. यातलं निम्मं जरी दिसलं तरी ओळख पटते.

फोटोत एक धोकादायक जोडणी मला वर्षाला दोन-चार वेळा दिसते. कंट्रोलरवर बल्बचं चित्र असतं, कुणीतरी विचार करतं की इन्व्हर्टर म्हणजे घराचा भारच, आणि इन्व्हर्टरच्या केबली त्या जोडीत कोंबतं. ती जोडी त्या डब्यावर लिहिलेल्या १०-२० अँपिअरपुरती असते आणि इन्व्हर्टर ८० मागतो. मिक्सर लावला की कंट्रोलर गेला. इन्व्हर्टरची केबल फोटोत कंट्रोलरकडे जाताना दिसली तर लगेच फोन करून सगळं बंद करायला सांगा. ती थेट बॅटरीवर हवी.

एकाच खोक्यात दोन्ही

कधी सगळी भिंत धुंडाळूनही कंट्रोलर सापडत नाही. प्लेटा आहेत, बॅटरी आहे, इन्व्हर्टर आहे, छोटा डबा नाही. मग प्लेटांच्या वायरी कुठे जातात ते बघा. त्या इन्व्हर्टरच्याच पाठीत शिरत असतील आणि तिथे प्लस-मायनसची आणखी एक जोडी असेल, जिच्यावर सोलर किंवा पीव्ही असं लिहिलेलं असतं, तर तो सोलर इन्व्हर्टर. कंट्रोलर त्याच्या पोटात आहे.

नुसत्या समोरच्या स्टिकरवर सोलर हा शब्द असणं पुरेसं नाही. प्लेटेची वेगळी जोडी पाठीला दिसली तरच माना. आणि प्लेटांच्या वायरी मधे काहीच न लावता थेट बॅटरीवर नेलेल्या दिसल्या, तर तिथे कंट्रोलरच नाही. ती बॅटरी उन्हाळ्यात उकळते, पाणी आटतं, बुचांतून वायू सुटतो. हे फोटोवरून ओळखता आलं तर एक बॅटरी वाचते.

बॅटरीच नसेल तर

२०२४ मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेनंतर आपल्या गावांतही बिनबॅटरीची सोलरं वाढली. त्यात कंट्रोलर शोधत बसू नका, तो नसतोच. इन्व्हर्टर भिंतीवर टांगलेला असतो. त्याच्या बुडाला प्लेटांच्या काळ्या खटक्याच्या जोडण्या, एक गोल फिरवायचं बटण आणि मीटरकडे जाणारी केबल असते. घरच्यांना एकच प्रश्न विचारा: लाईट गेल्यावर चालतं का? "भर उन्हातबी बंद पडतंय" असं उत्तर आलं तर हाच प्रकार. ते बिघडलेलं नाही. तारेवर काम करणाऱ्या माणसाला झटका बसू नये म्हणून तो इन्व्हर्टर लाईन गेली की स्वतःहून बंद होतो.

त्याच्या दोन बाजूंना पारदर्शक झाकणाचे दोन प्लास्टिकचे डबे असतात. त्यांत फ्यूज, एमसीबी आणि विजेच्या लाटेपासून वाचवणारे तुकडे असतात. आकड्यांची काच नाही, पंखा नाही, पट्ट्या नाहीत. त्यांना कंट्रोलर म्हणू नका.

भाच्याचा फोटो

आता हे सगळं एका फोटोवर लावून दाखवतो. औसा तालुक्यातल्या, भूकंपानंतर नव्याने वसलेल्या एका गावात माझी बहीण राहते. गेल्या एप्रिलमध्ये भाच्याचा निरोप आला: "मामा, इन्व्हर्टर गेलं बगा. रात्री तासाभरात टीं-टीं करून बंद पडतंय. नवं आणायचं का?" सोबत दोन फोटो, दुपारी साडेबाराचे. तोवर तो दुकानात भाव विचारूनही आला होता.

पहिल्या फोटोत स्लॅबवर दोन प्लेटा, शेजारी पाणी तापवायच्या नळ्या. नळ्या बाजूला ठेवल्या. प्लेटा मोठ्या करून सेल मोजले: ४ बाय ९, दोन्ही ३६ सेलच्या, म्हणजे बारा व्होल्टच्या. दोन्हींच्या प्लस एका जोडावर आणि मायनस दुसऱ्या जोडावर आणलेल्या, तिथून दोन वायरी खाली. म्हणजे दाब वाढत नाही, प्रवाहांची बेरीज होते. प्लेटा १६५ वॅटच्या आहेत हे मला ठाऊक होतं. १८ व्होल्टने भागलं की एकीचे साधारण ९ अँपिअर, दोन्हींचे १८.

दुसरा फोटो जिन्यावरच्या खोलीचा. खाली ट्रॉलीवर एक उंच बॅटरी, वर एक खोकं, भिंतीवर निळा छोटा डबा. भाच्याने लाल गोल निळ्या डब्याभोवती काढला होता आणि त्यालाच तो इन्व्हर्टर म्हणत होता. बॅटरीवरून करंगळीएवढी केबल ट्रॉलीवरच्या खोक्यात गेली होती, तो इन्व्हर्टर. बारीक जोडी निळ्या डब्यात, खाली सहा स्क्रू, चारांत वायरी. तो कंट्रोलर. प्लेटांच्या वायरीही त्याच डब्यात येत होत्या, म्हणजे इन्व्हर्टरच्या पोटात दुसरा कंट्रोलर नाही.

मग मला तीन गोष्टी दिसल्या. कंट्रोलरच्या काचेवर बॅटरीचा दाब १२.१ होता. भर दुपारी, कडक उन्हात, चार्ज होत असलेली बॅटरी साडेतेरा ते सव्वाचौदाच्या आसपास दिसायला हवी. १२.१ म्हणजे प्लेटांतून काहीच येत नाही. दुसरं, इन्व्हर्टरची थ्री-पिनची दोरी सॉकेटाबाहेर लोंबत होती. बिल वाचावं म्हणून बहिणीने ती कधीच काढून ठेवली होती, त्यामुळे लाईनवरूनही बॅटरी भरत नव्हती. तिसरं, डावीकडच्या पहिल्या दोन स्क्रूंपाशी निळं प्लास्टिक तपकिरी झालं होतं आणि कडेला थोडं खाली ओघळलं होतं.

मी फोन लावला. "बाळा, त्या डब्यावर अँपिअर किती लिहिलंय?"

"वीस."

"आणि पहिल्या वायरीची टोकं कशी घातलीत? लग, म्हणजे धातूची टोपी, लावलाय का नुसतीच पिळून?"

"नुसती पिळूनच हायेत. एक केस बाहेर आलाय."

वीस अँपिअरच्या डब्यावर सगळा उन्हाळा रोज चार-पाच तास अठरा अँपिअर, त्यात ढिला जोड. ढिल्या जोडाला विरोध जास्त, विरोधाने उष्णता, उष्णतेने स्क्रू आणखी ढिला. असं होत होत तो जोड जळाला आणि प्लेटांचा बॅटरीशी संबंध तुटला. इन्व्हर्टर बिचारा अर्धवट भरलेल्या बॅटरीवर रात्री तासभर चालत होता आणि दाब खाली गेला की ओरडून बंद होत होता. त्याने तेच करायला हवं होतं.

फोटोवरून मला एवढं कळलं. बॅटरी चांगली आहे की इतके दिवस रिकामी राहून खराब झाली, ते फोटोत दिसत नव्हतं. त्यासाठी ती भरून, एक रात्र वापरून बघावी लागते. कंट्रोलर आतूनही गेलाय का, हेही दिसत नव्हतं. पण टर्मिनल वितळल्यावर तो ठेवण्यात अर्थ नव्हता. नवा घेताना अठराला सव्वापट केलं, साडेबावीस झाले, म्हणून तीस अँपिअरचा घेतला.

सूर्य मावळल्यावर गावातल्या वायरमनने तो बदलला. आधी प्लेटांच्या वायरी सोडल्या, मग बॅटरीच्या. नव्या डब्याला उलट क्रम: आधी बॅटरी, म्हणजे डब्याला आपण बारा व्होल्टवर आहोत हे कळतं, आणि मग प्लेटा. चारही टोकांना लग दाबून बसवले, स्क्रू घट्ट आवळले. डबा खिडकीच्या उन्हातून काढून आतल्या भिंतीवर लावला.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला भाच्याने न सांगता फोटो पाठवला. काचेवर १३.९ होते. या वेळी त्याने दोन गोल काढले होते, निळ्याभोवती एक आणि ट्रॉलीवरच्या खोक्याभोवती एक, आणि खाली लिहिलं होतं: "ह्यो कंट्रोलर, ह्यो इन्व्हर्टर. बरुबर का, मामा?"